अक्षरांखालचा मोर

“दादा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. फक्त तारीख बदलायची आणि खालची एक ओळ काढायची. पाच मिनिटांचं काम आहे.” दसऱ्याच्या सुमारास फोटोग्राफरच्या फोनवर असे निरोप येऊ लागतात. निरोप पाठवणाऱ्याला जाहिरात समोर दिसत असते, तिच्यावरची तारीख दिसत असते, मग ती खोडून नवी टाकायला वेळ तो कितीसा, असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. पण कामाची जाण असलेला फोटोग्राफर लगेच खोडायला बसत नाही. आधी तो गिऱ्हाइकाला एक पत्र लिहितो आणि जाहिरातीची लेअर असलेली मूळ फाइल मागतो. हे पत्र नीट लिहिलं तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात, आणि ते कशासाठी आहे हे गिऱ्हाइकालाही कळायला हवं.

उदाहरण म्हणून येवल्यातलं एक पैठणीचं दुकान घेऊ. गेल्या दिवाळीला त्यांनी दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स लावला होता. त्यावर जांभळी पैठणी नेसलेली मुलगी, पुढे पसरलेला बांगडी-मोराचा पदर आणि पदराच्या खालच्या भागावर सोनेरी अक्षरांत सवलतीची ओळ. यंदा सवलत नाही, म्हणून ती ओळ काढायची आहे. तारीख बदलायची आहे. आणि जर जरा जास्तच पांढरी दिसते, ती थोडी मूळच्या सोनेरी रंगावर आणायची आहे.

हा फ्लेक्स ज्या कलाकाराने केला, त्याच्या कॉम्प्युटरवर तो एक चित्र म्हणून नव्हताच. पारदर्शक कागद एकावर एक रचावेत तसे त्याचे थर होते. सगळ्यात खाली मुलीचा फोटो, त्यावर उजेड वाढवणारा एक थर, त्यावर अक्षरांची सावली, त्यावर अक्षरं, शेवटी दुकानाचं बोधचिन्ह. या थरांना या धंद्यात सगळे ‘लेअर’ म्हणतात. फोटोशॉपमध्ये लेअरची सोय १९९४ साली आली आणि तेव्हापासून असं काम याच पद्धतीने होतं. प्रत्येक लेअरच्या डावीकडे डोळ्याचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की तो थर दिसेनासा होतो आणि त्याच्या खालचं जसंच्या तसं समोर येतं.

काम संपलं की गिऱ्हाइकाला पाहायला आणि छपाईला द्यायला जेपीजी काढली जाते. जेपीजीत लेअर राहतच नाहीत. वरून पाहताना प्रत्येक ठिपक्याला जो रंग दिसतो तेवढाच लिहून घेतला जातो आणि बाकीचं गळून जातं. सवलतीच्या ओळीखाली पदराचा जो भाग होता, तो या फाइलमध्ये झाकलेला नसतो. तो तिथे नसतोच. ही गोष्ट समजली की बाकी सगळं समजायला सोपं जातं. अक्षरं ‘पुसून’ खालचा मोर वर आणता येत नाही, कारण खाली काही नाही.

मग फोटोग्राफर करतो काय? बाजूच्या विणीचे तुकडे उचलून त्या जागी बसवतो. साध्या भिंतीवर किंवा आकाशावर हे उत्तम जमतं. पैठणीच्या पदरावर जमत नाही. बांगडी-मोरात गोल बांगडीच्या आत मोर असतो. त्याची चोच, तुरा, पिसाऱ्याचे रंग ठरलेल्या धाग्यांवर विणलेले असतात, आणि फोटोत पदराला चुण्या पडल्यामुळे प्रत्येक मोर थोडा वेगळ्या कोनातून दिसतो. शेजारचा मोर उचलून ठेवला तर चुणीवरचा उजेड जुळत नाही, बांगडीची कड तुटते. येवल्यात या फ्लेक्सखालून रोज विणकर जाणार. तो मोर त्यांच्या विणीतला नाही, हे त्यांच्या पहिल्या नजरेत येईल. पैठणी विकणाऱ्या दुकानाने अशा पदराची जाहिरात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

जरीचंही तसंच. उजेड वाढवणाऱ्या थरामुळे जरीचे काही ठिपके पार पांढरे झाले. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात, आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही २५५ वर गेले की तिथे निव्वळ पांढरं उरतं. तो भाग नंतर गडद केला तर राखाडी होतो. सोनेरी होत नाही. मूळ फाइलमध्ये मात्र उजेडाचा तो थर वेगळा असतो. तो थोडा उतरवला की खालच्या फोटोतली जर आपसूक परत येते.

यात व्हॉट्सअ‍ॅपची भर पडते. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आकसतो आणि त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांची उरते. दहा फूट म्हणजे १२० इंच. भागाकार केला तर फ्लेक्सवर एका इंचात जेमतेम १३ ठिपके येतात, म्हणजे समोरच्या फुटपाथवरूनही ते चौकोनी दिसणार. शिवाय जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून आकार कमी करते. त्यामुळे अक्षरांच्या कडेने रेशमावर बारीक मळकट ठिपके उमटतात. अक्षरं काढली तरी त्यांची ही चौकट मागे राहते. स्क्रीनवर फोटो चारशे टक्के मोठा करून अक्षरांच्या कडा पाहिल्या की हा मळ कुणालाही दिसेल.

म्हणून पत्र. ते असं लिहिता येईल:

स.न.वि.वि.

दिवाळीच्या जाहिरातीचं काम माझ्याकडे सोपवलंत, याबद्दल आभारी आहे. गेल्या वर्षीची मांडणी छान झाली आहे, तीच कायम ठेवावी हे आपलं म्हणणं मलाही पटतं.

काम सुरू करण्याआधी एक विनंती आहे. माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये फोटो आणि अक्षरं एकजीव झालेली आहेत. सवलतीची ओळ काढली की तिच्याखालचा पदर मला अंदाजाने भरावा लागेल, आणि तो आपल्या पैठणीसारखा हुबेहूब येईल याची खात्री देता येणार नाही. ज्यांनी ही जाहिरात केली त्यांच्याकडे तिची मूळ फाइल असण्याची शक्यता आहे. पुढचा मजकूर त्यांना जसाच्या तसा पाठवावा:

“गेल्या दिवाळीच्या १० × ६ फुटी फ्लेक्सची लेअर असलेली पीएसडी, टिफ किंवा सीडीआर फाइल हवी आहे. मजकूर कर्व्ह न केलेली प्रत असल्यास उत्तम. वापरलेल्या फॉन्टची नावं कळवावीत. मुलीचा कॅमेऱ्यातला मूळ फोटो असल्यास सोबत द्यावा. फाइल ड्राइव्हच्या लिंकने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.”

यासाठी त्यांनी काही मानधन सांगितलं तर ते रास्त समजावं. मूळ फाइल मिळाली तर काम एका दिवसात होईल. फक्त मूळ फोटो मिळाला तर जाहिरात नव्याने मांडावी लागेल. त्याला तीन दिवस लागतील आणि खर्च वेगळा येईल. दोन्ही नसतील तर आहे त्या फाइलवर एका कोपऱ्याचा नमुना करून आधी आपल्याला दाखवीन, मग आपण ठरवावं. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर छपाईची तारीख सांभाळता येईल.

कळावे, लोभ असावा.

या पत्राला वाचणारे दोघे आहेत. एक दुकानदार, आणि दुसरा ज्याच्याकडे ते पुढे जाणार तो आधीचा कलाकार. फाइल त्याच्या हातात आहे. म्हणून पत्रात त्याच्या कामाला नावं ठेवणारा एकही शब्द नको, आणि तांत्रिक भाग वेगळा, उचलून पाठवता येईल असा हवा. दुकानदाराने तो आपल्या शब्दांत सांगायचा ठरवला, तर “ओरिजनल फोटो पाठव” एवढाच निरोप जातो आणि उत्तरादाखल तीच जेपीजी पुन्हा येते.

त्यातल्या ‘कर्व्ह’बद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे फ्लेक्सची बरीच कामं कोरलड्रॉमध्ये होतात, तिचीच सीडीआर फाइल. छापखान्यात फॉन्ट नसला तर अक्षरं बिघडू नयेत म्हणून पाठवण्याआधी मजकुराचं रेषाचित्र करतात, त्याला कर्व्ह करणं म्हणतात. अशी अक्षरं उचलून बाजूला ठेवता येतात, पण तारखेतला आकडा टाइप करून बदलता येत नाही. उलट मजकूर कर्व्ह केलेला नसेल आणि फॉन्ट आपल्याकडे नसेल, तर दुसरीच अडचण. मराठीतल्या अनेक जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत. फॉन्ट बदलला की ‘दिवाळी’च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतात. फॉन्टचं नाव मागायचं ते यासाठी.

फाइल आली म्हणजे काम झालं असं नाही. कित्येकदा जुनी जेपीजीच फोटोशॉपमध्ये उघडून `.psd` म्हणून जतन केलेली असते. नाव बदलतं, आत लेअर येत नाहीत. उघडल्यावर लेअरच्या यादीत `Background` अशी एकच ओळ आणि शेजारी कुलूप दिसलं, तर ती फाइल एकजीवच आहे. खरी फाइल असेल तर फोटो, सावली, अक्षरं यांच्या वेगवेगळ्या ओळी दिसतात. सवलतीच्या ओळीचा डोळा मिटावा, तिच्या सावलीचा डोळा मिटावा आणि खाली पूर्ण मोर आहे का ते पाहावं. कधी कधी कलाकाराने सावली फोटोतच मिसळलेली असते, मग तिचा काळा डाग पदरावर राहतो. तेवढा डाग उजळणं मात्र जमण्यासारखं आहे, कारण विणीचे धागे त्याखाली शाबूत असतात.

पत्र काम सुरू करण्याआधीच जायला हवं, यालाही कारण आहे. जेपीजीवर दोन दिवस घालून पदर भरला आणि तिसऱ्या दिवशी पीएसडी आली, तर भरलेला पदर टाकूनच द्यावा लागतो. त्याचे पैसे कुणी द्यायचे, यावर मग चांगले संबंध बिघडतात.

आधीचा कलाकार फाइल द्यायला तयार नसेल तर जबरदस्ती करता येत नाही. गिऱ्हाइकाने पैसे दिले ते तयार जाहिरातीचे की मूळ फाइलचेही, हे त्या दोघांत आधी काय ठरलं यावर अवलंबून असतं, आणि बहुतेक वेळा काहीच ठरलेलं नसतं. तेव्हा जाहिरात, लग्नपत्रिका, पुस्तकाचं मुखपृष्ठ, काहीही करून घ्याल तेव्हा लेअर असलेली फाइल मिळणार का आणि किती पैशांत, हे काम देतानाच विचारा. ती मिळाल्यावर फॉन्टच्या नावांसह आणि मूळ फोटोसह एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याची एक प्रत फोनबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर जपा. पुढच्या दिवाळीला तारीख बदलायचं काम मग खरंच पाच मिनिटांत होईल.