हाताचं बीपी, पायाचं बीपी

समजा, 11 वर्षांच्या एका मुलाला तापासाठी दवाखान्यात आणलंय. सहज म्हणून उजव्या हाताचं बीपी घेतलं, तर ते निघालं 146/88. या वयाला हे फारच जास्त. विचारल्यावर आई सांगते, अधूनमधून डोकं दुखतं म्हणतो आणि धावला की पोटऱ्या दुखतात. डॉक्टर त्याच्या मनगटाची आणि जांघेतली नाडी एकाच वेळी चाचपतात. मनगटाची नाडी ठणठणीत लागते, जांघेतली मात्र मंद आणि किंचित उशिरा. मग पायाचं बीपी घेतात. वरचा आकडा 102. म्हणजे हातापेक्षा 44 ने कमी.

निरोगी माणसात पायातला वरचा आकडा हाताइतका किंवा त्याहून थोडा जास्तच असतो. तो हातापेक्षा 20 किंवा अधिक कमी भरला, तर पहिला संशय महाधमनीच्या जन्मजात अरुंदपणाचा. वैद्यकात याला ‘कोआर्क्टेशन ऑफ एओर्टा’ म्हणतात. हृदयातून निघालेली महाधमनी वर वळते, डोक्याला आणि हातांना फांद्या देते आणि खाली उतरते. बहुधा डाव्या हाताची फांदी फुटल्यावर लगेचच ती आवळलेली असते. त्यामुळे वरच्या भागात दाब चढतो, खालच्या भागात उतरतो. मूत्रपिंडं खालच्या भागात येतात. त्यांना रक्त कमी दाबाने मिळालं की ती दाब वाढवणारी द्रव्यं सोडतात, आणि वरचं बीपी आणखी चढतं.

मोजणीतही चूक होऊ शकते. मूल झोपवून, शांत असताना, आधी उजवा हात आणि लगेच पाय मोजावा. डावा हात चालत नाही, कारण त्याची फांदीही कधी कधी अरुंद भागात सापडते. मांडीला हाताचाच छोटा पट्टा बांधला तर पायाचा आकडा खोटा जास्त येतो आणि फरक झाकला जातो.

मोजणी अचूक असूनही फरक फसवू शकतो. मोठ्या मुलांत छातीच्या भिंतीतल्या छोट्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं फुगत जातात. हमरस्ता बंद पडला की गाड्या गल्लीबोळांतून जातात, तसं रक्त त्यांच्यातून पायांकडे जातं. अडथळा तेवढाच राहतो, फरक मात्र कमी दिसतो. म्हणून निदानाचा निकाल इको आणि सीटी किंवा एमआरआयवर लागतो.

नवजात बाळात गोष्ट वेगळी. गर्भात फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक नळी असते. जन्मानंतर काही दिवस ती उघडी असते आणि तिच्यातून पायांना रक्त मिळत राहतं. बाळ ठीक दिसतं, घरी जातं. नळी मिटते तेव्हा अडथळा उघडा पडतो. बाळ दूध ओढत नाही, भरभर श्वास घेतं, पाय गार पडतात, लघवी कमी होते. हृदयच थकल्यामुळे हाताचं बीपीही उतरतं, म्हणून इथे फरक दिसेलच असं नाही. जांघेतली नाडी न लागणं ही मोठी खूण. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून सतत देऊन ती नळी पुन्हा उघडण्याचा प्रयत्न करतात. बाळ सावरलं की आवळलेला भाग कापून दोन्ही टोकं जोडतात. इथे थांबायला वाव नसतो.

त्रास नसलेल्या मुलात काही काळ नियोजनाला मिळतो, पण फरक 20 च्या वर असेल तर वर्षं घालवू नयेत. उशीर जितका जास्त, तितक्या वरच्या भागातल्या धमन्या ताठर होतात. मग अडथळा दूर झाला तरी बीपी चढंच राहू शकतं. दुसऱ्या बाजूने, फार लहान बाळाची धमनी जोडली तर ती पुढे त्या जागी पुन्हा अरुंद होण्याची शक्यता जास्त असते. धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, मुलाबरोबर वाढत नाही, म्हणून तो साधारण 20 ते 25 किलोच्या पुढच्या मुलांतच सोयीचा. वजन कमी असेल तर शस्त्रक्रियाच बहुधा बरी.

आपल्या 11 वर्षांच्या मुलाचं वजन 32 किलो आहे. त्यामुळे जांघेतून तार घालून स्टेंट बसवता येतो. समजा, नंतर हाताचं बीपी 124 आणि पायाचं 118 आलं. अडथळा जवळजवळ गेला, पण हाताचा आकडा या वयाला अजून चढाच आहे. म्हणून गोळ्या काही काळ चालू राहतात, आणि कदाचित पुढेही लागतात. जागा पुन्हा आवळू शकते, क्वचित तिथे धमनीला फुगाही येतो. म्हणून दरवर्षी उजवा हात आणि पाय मोजायचे, आणि ठरावीक वर्षांनी सीटी किंवा एमआरआय करायचा. हे मोठेपणीही सुटत नाही. नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर, फक्त हाताचं बीपी घेऊन थांबू नका, हे रुग्णानेच सांगावं.