घास उतरेना, हात थांबेना

2015 साली राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात परभणीही होता. दुष्काळाची ती वर्षं. राणीसावरगावसारख्या गंगाखेड तालुक्यातल्या गावांतही मनाच्या आजाराची विचारपूस आशाताईंमार्फत दारापर्यंत येऊ लागली. तेव्हापासूनचा काळ पाहताना मला एक गोष्ट खटकते: कुणाचं जेवण तुटलं की घर लगेच सावध होतं, वाढलं की कुणी विचारतही नाही.

समजा, 60 किलोचा एक शेतकरी आहे. पेरणी वाया गेली, देणेकरी दारात. भाकरी कुस्करतो, दोन घास खातो, ताट सरकवतो. काळजीने पोट गच्च, सकाळी मळमळ, पहाटे तीनला जाग. महिन्याभरात तो 57 वर येतो. प्रयत्न न करता महिन्यात पाच टक्के वजन बदललं तर डॉक्टर ते नैराश्याचं एक लक्षण धरतात; इथे तीन किलो म्हणजे नेमके तेवढेच. अर्थात एकट्या वजनावर निदान होत नाही. उदासी किंवा कशातच रस नसणं, हे दोन आठवडे टिकलेलं असावं लागतं. साखर, क्षयरोग, थायरॉइडही तपासावे लागतात.

त्याच्याच घरातली बाई मात्र उलट्या वाटेने जाते. दिवसभर पडून राहावंसं वाटतं, हातपाय शिशासारखे जड, रात्री सगळे झोपल्यावर टोस्ट, शेव, गुळाचा खडा. पोट भरलेलं असतं, तरी हात थांबत नाही. अंग सुटतं आणि गाव म्हणतं, सुखात आहे. ती दुखण्यात आहे हे ओळखायला वैद्यकालाही वेळच लागला. 1959 मध्ये लंडनच्या वेस्ट आणि डॅली यांनी नेहमीच्या चित्रात न बसणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांकडे लक्ष वेधलं; जास्त भूक, जास्त झोप हा वेगळा प्रकार अमेरिकी निदानपुस्तकात शिरला तो 1994 मध्ये. आज वापरतात त्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत भूक मंदावणं आणि जास्त खाणं एकाच प्रश्नात आहेत. विचारणाऱ्याने पहिला अर्धाच वाचला, तर ही बाई सुटलीच.

असं दोन्हीकडे का होतं? 2016 च्या एका अमेरिकी अभ्यासात अन्नाची चित्रं दाखवली, तेव्हा भूक वाढलेल्यांच्या मेंदूतली सुखाची केंद्रं जास्त जागली. भूक मेलेल्यांत शरीराची आतली खबर घेणारा भाग मंद होता. हा कल बहुतेकदा टिकतोही, एका खेपेला ज्याची भूक मरते, त्याची पुढच्या खेपेलाही बहुधा मरतेच.

औषधांनी आणखी गुंता होतो. अॅमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन यांनी वजन वाढू शकतं. फ्लुऑक्सेटिनने सुरुवातीला थोडं उतरतं. कपडे घट्ट झाले म्हणून गोळ्या मनानेच बंद करणारे पुष्कळ. गोळी बदलून मिळते, पण त्यासाठी आधीचं वजन लिहून ठेवलेलं हवं. 2022 पासून 14416 या हेल्पलाइनवर मराठीतही समुपदेशक बोलतात. त्यांना उदासीसोबत ताटातला हा बदलही सांगावा, वाढलेला असला तरी.