शाईच्या पॅडवर उभा केलेला पक्षी

हिवाळ्यात जोंधळ्याच्या शेतात पिवळ्या पोटाच्या, काळ्या डोक्याच्या पक्ष्यांचे थवे उतरतात. हे काळ्या डोक्याचे भारीट. पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोपातून ते आपल्याकडे येतात, तेही बहुतेक रात्रीच्या अंधारात उडून. यांना वाट कोण दाखवतं, हा प्रश्न जुनाच आहे. पण पक्ष्याला तो विचारायचा कसा, ही खरी अडचण होती. उडून गेलेला पक्षी काही सांगायला परत येत नाही.

उत्तर पिंजऱ्यात सापडलं. स्थलांतर करणारा पक्षी पिंजऱ्यात असला, तरी जाण्याचे दिवस आले की त्याला स्वस्थ बसवत नाही. रात्री झोपायच्या वेळी तो उड्या मारू लागतो, आणि उड्या मारतो त्या जिकडे जायचं त्या दिशेला. अमेरिकेतल्या स्टीफन एम्लेन या संशोधकाने १९६६ मध्ये वडिलांच्या साथीने यासाठी एक साधा पिंजरा बनवला. खाली शाईची पॅड, तिच्याभोवती नरसाळ्यासारखा वर पसरत जाणारा टीपकागद आणि वर जाळी. पक्षी कागदावर उडी मारतो, घसरून पुन्हा पॅडवर येतो, पुन्हा उडी मारतो. सकाळी कागद उलगडला की शाईच्या पावलांची गर्दी ज्या बाजूला, ती पक्ष्याची दिशा. इतकं स्वस्त आणि इतकं प्रामाणिक उपकरण विज्ञानात क्वचितच पाहायला मिळतं.

त्याआधी सूर्याचा उलगडा झाला होता. जर्मनीत गुस्ताव क्रामर यांनी दिवसा उडणाऱ्या स्टार्लिंग पक्ष्यांना खिडक्या असलेल्या गोल पिंजऱ्यात ठेवलं आणि बाहेर आरसे लावून सूर्यप्रकाश ९० अंशांनी वळवला. पक्ष्यांची दिशाही तेवढीच वळली. पण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. त्यामुळे तो पाहून दिशा ठरवायची तर किती वाजले हे ठाऊक हवं. पक्ष्याच्या अंगात ते घड्याळ असतं. कृत्रिम दिवस-रात्र दाखवून ते सहा तासांनी चुकवलं, तर पक्षी पूर्ण आत्मविश्वासाने ९० अंशांनी चुकतो.

रात्रीचं काय? एम्लेन यांनी त्यासाठी निळा बंटिंग निवडला. नावात बंटिंग असलं, तरी आपल्या भारीटांचा तो जवळचा नातलग नव्हे. उन्हाळ्यात हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात पिल्लं वाढवतो आणि हिवाळ्यात मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडे जातो. एम्लेन यांनी शाईचे पिंजरे तारांगणात मांडले आणि घुमटावर वसंतातलं आकाश दाखवलं. पावलं उत्तरेकडे उमटली. मग त्यांनी घुमटावरची उत्तर फिरवली आणि पावलंही फिरली. आकाश काही तासांनी मागेपुढे केलं, तरी पक्षी गोंधळले नाहीत. म्हणजे सूर्यासाठी लागणारं घड्याळ ताऱ्यांसाठी लागत नाही.

मग पक्षी नेमकं पाहतात काय? घुमटावरचे तारे थोडेथोडे करून झाकत गेल्यावर कळलं की ध्रुवताऱ्याच्या आसपासचा, साधारण ३५ अंशांपर्यंतचा पट्टा महत्त्वाचा आहे. एकट्या ध्रुवताऱ्यावर काही अडत नाही. सप्तर्षी ढगाआड गेले, तर शर्मिष्ठेवर भागतं.

पण हे ज्ञान जन्मतःच येतं की शिकावं लागतं? यावरचा एम्लेन यांचा प्रयोग मला साऱ्या मालिकेत सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी घरट्यांतून काही दिवसांची पिल्लं आणून हाताने वाढवली. एका गटाला तारे दाखवलेच नाहीत. दुसऱ्या गटाला रोजचं, ध्रुवताऱ्याभोवती फिरणारं आकाश दाखवलं. तिसऱ्या गटाला मात्र मृग नक्षत्रातल्या तांबूस काक्षीभोवती फिरणारं खोटं आकाश दाखवलं. शरद ऋतू आला आणि तिन्ही गट पिंजऱ्यात उतरवले. पहिल्या गटाची पावलं चारी दिशांना विखुरली. दुसरा गट दक्षिणेकडे गेला. तिसरा गट काक्षीकडे पाठ फिरवून निघाला, जणू तोच त्यांचा ध्रुव.

तेव्हा पिल्लाला जन्मतः ताऱ्यांचा नकाशा मिळत नाही. मिळतो तो एक नियम: आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं, तो बिंदू शोध. हा नियम नकाशापेक्षा टिकाऊ आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे ध्रुवतारा बदलत राहतो. सुमारे १२ हजार वर्षांनी तो मान अभिजितच्या परिसराकडे जाईल. नियम मात्र तसाच लागू पडेल.

आणि आभाळ पूर्ण भरलेलं असलं तर? फ्रँकफर्टमध्ये वोल्फगांग विल्च्को यांनी १९६० च्या दशकात युरोपियन रॉबिनवर (आपला दयाळ वेगळा) प्रयोग केले. तारे दिसत नसलेल्या बंद खोलीतही पक्षी योग्य दिशेला उड्या मारत. भोवती तारेची वेटोळी लावून चुंबकीय उत्तर फिरवली की पक्षीही फिरत.

पण हे होकायंत्र आपल्या होकायंत्रासारखं नाही. चुंबकीय बलरेषा जमिनीला तिरक्या असतात: जर्मनीत खूप तिरक्या, अलिबागला बऱ्याच कमी, आणि तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या बाजूला जवळजवळ आडव्या. रॉबिन हा तिरकेपणा वाचतो. रेषा ज्या बाजूला जमिनीत शिरताना दिसते, ती बाजू त्याच्यासाठी ध्रुवाची. प्रयोगात फक्त रेषेचा कल उलटा केला, उत्तर-दक्षिण तशीच ठेवली, तर पक्षी उलट दिशेला निघतात. उलट, दोन्ही एकदम उलटवलं तर त्यांना फरकच कळत नाही.

या संवेदनेला उजेड लागतो. हिरव्या वा निळ्या मंद उजेडात पक्षी दिशा ओळखतात, लाल उजेडात ओळखत नाहीत. म्हणून संशय डोळ्यावर आहे. दृष्टिपटलात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉनांची एक जोडी तयार होते, आणि तिचं वागणं क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही बदलू शकतं. रॉबिनच्या अशा एका प्रथिनावर चुंबकाचा परिणाम होतो, हे २०२१ मध्ये प्रयोगशाळेतल्या द्रावणात दिसलं. जिवंत डोळ्यात हेच घडतं, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

जर्मनीतल्याच ओल्डनबुर्ग विद्यापीठात हेन्रिक मॉउरित्सेन यांच्या गटाला वेगळीच अडचण आली. तिथल्या लाकडी खोल्यांतले रॉबिन दिशाच दाखवेनात. शेवटी खोल्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसवून अर्थिंग केलं आणि पक्षी लगेच वाटेवर आले. अर्थिंगची तार काढली की पुन्हा भरकटत. शहराबाहेर मोकळ्या गावाकडे नेले, तर पत्र्यांची गरजच पडत नसे. दोष विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या, मध्यम लहरींच्या रेडिओच्या पट्ट्यातल्या अतिक्षीण विद्युतचुंबकीय गोंगाटाचा होता. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं, तेव्हा अनेकांनी ते मोबाईल टॉवरच्या नावावर लावलं. ते चूक आहे: मोबाईलच्या लहरी याहून कितीतरी अधिक वारंवारतेच्या असतात.

विजेने चुंबकीय मोजमाप बिघडण्याचा अनुभव मुंबईलाही आहे. प्रकार वेगळा होता. तिथे अडचण ट्रामच्या विद्युतप्रवाहाची होती. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असं ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय निरीक्षण बंदराच्या पलीकडे हलवण्यात आलं. १९०४ पासून ते अलिबागेत चालतं.