‘चांगलं काम’ म्हणजे नेमकं कोणतं?

बॉर्डर रोड्स इंजिनिअरिंग सर्व्हिसमधले कार्यकारी अभियंता देव दत्त यांच्या 1993-94 च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. वरच्या पदासाठी पाचही वर्षं ‘खूप चांगला’ लागत होता, त्यामुळे या एका शेऱ्यापायी त्यांची बढती हुकली. शेरा त्यांना कधी दाखवलाही नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2008 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, शेरा वाईट असो वा चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे.

कळवल्यानंतरचा प्रश्न मात्र न्यायालय सोडवू शकत नाही. तो शेरा वाचून माणसाला वाटतं का, की हे माझ्याच कामाबद्दल लिहिलंय? खासगी कंपन्यांत मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझलचे फॉर्म भरले जातात, तेव्हा उणिवांचा रकाना विचार करून लिहिला जातो, कारण त्यावर वाद होऊ शकतो. ‘स्ट्रेंथ्स’च्या रकान्यावर कुणी वाद घालत नाही, म्हणून तो शेवटी, घाईत भरला जातो: मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर, वेळेची पक्की. नाव झाकून हीच ओळ शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या फॉर्मवर चिकटवली तरी चालेल. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाही हे कळतं. तो ‘थँक यू सर’ म्हणतो आणि पगारवाढ किती, असं विचारतो.

मला वाटतं, कौतुक कमावलेलं वाटतं ते एकाच ठिकाणी: समोर सोपी वाट होती, ती न घेता माणसाने दुसरी घेतली, आणि हे वरिष्ठाने पाहिलंय. ही जागा शोधता आली की विशेषणांची गरजच उरत नाही.

समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. ऑगस्टच्या मोजणीत त्यांना 6204 नंबरच्या बेअरिंगचे रॅकवर 190 नग मिळाले, सिस्टिममध्ये मात्र 240 दिसत होते. अशा वेळी स्टॉक ॲडजस्टमेंटची एक एंट्री टाकली की आकडा जुळतो, दिवस संपतो आणि कुणी काही विचारत नाही. यांनी तसं केलं नाही. माल मिळाल्याच्या नोंदी आणि पुरवठादाराची चलनं शेजारी ठेवून पाहिली. एका लॉटमध्ये 25 खोकी आली होती. पूर्वी एका खोक्यात 12 नग असायचे, पुरवठादाराने ते 10 केले होते. चलनावर फक्त खोक्यांचा आकडा होता आणि सिस्टिम अजून 12 ने गुणत होती. 300 नोंदले गेले, आले 250. उरलेला 50 चा फरक तोच. त्यांनी परचेस विभागाच्या मागे लागून आयटम मास्टरमधला आकडा बदलून घेतला.

आता वरिष्ठाने लिहायचं काय? ‘अत्यंत मेहनती व बारकाईने काम करणाऱ्या’ असं लिहिलं तर ऑगस्टची ती दुपार पुसली जाते. मी असं लिहीन: ‘6204 च्या साठ्यात 50 नगांचा फरक आला तेव्हा ॲडजस्टमेंट एंट्रीने तो मिटवता आला असता. तुम्ही नोंदी मागे जाऊन तपासल्या, खोक्यातले नग बदलल्याचं शोधलं आणि आयटम मास्टर दुरुस्त करून घेतला. सप्टेंबरपासून या बेअरिंगच्या मोजणीत फरक आलेला नाही. आकडा जुळत नसेल तर कारण सापडेपर्यंत तुम्ही तो सोडत नाही, ही स्टोअर्सची मोठी ताकद आहे.’

परिणामाबद्दल इथे फक्त माहीत आहे तेवढंच लिहिलं आहे. ‘तुमच्यामुळे लाइन बंद पडायची वाचली, लाखो रुपये वाचले’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण लाइन खरंच थांबली असती का, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि त्या बाईंना तर ते सगळ्यात जास्त कळतं. एक फुगवलेलं वाक्य सापडलं की बाकीची खरी वाक्यंही संशयाची होतात.

दुसरी अडचण म्हणजे एका घटनेवरून स्वभाव ठरत नाही. ‘तुम्ही सोडत नाही’ असं म्हणायला आणखी एखादा दाखला हवा. समजा, जानेवारीत ऑइल सील नोंदीपेक्षा जास्त निघाले. जास्तीच्या मालाबद्दल सहसा कुणी कुरकुर करत नाही. यांनी तिथेही शोध घेतला आणि लाइनवरून न वापरता परत आलेला माल नोंद न करताच रॅकवर ठेवला जातो, हे उघड झालं. हा दुसरा प्रसंग पहिल्याहून अधिक सांगतो, कारण तुटवड्याची भीती नसतानाही त्या मागे लागल्या. दुसरा प्रसंग सापडत नसेल, तर ताकद म्हणून लिहू नये. ‘ऑगस्टमध्ये हे काम उत्तम केलं’ एवढंच लिहावं.

हे दाखले मार्चमध्ये आठवत नाहीत. डोक्यात असतात ते फेब्रुवारीतले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये एक पद्धत मांडली: माणूस कसा आहे हे न लिहिता, नेमकं काय घडलं, त्याने काय केलं आणि पुढे काय झालं, हे घडल्या-घडल्या नोंदवायचं. महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन ओळी लिहिल्या तरी पुरतं. जिथे त्या कामाचा फायदा पोहोचतो तिथेही विचारावं. ऑइल सीलची गोष्ट स्टोअर्सच्या वरिष्ठाला कदाचित कळणारच नाही. लाइनच्या सुपरवायझरला ती माहीत असते.

कौतुक उलटूही शकतं. अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम सुधारण्याऐवजी घसरलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की धोका वाढतो. ‘तुम्ही हुशार आहात’ आणि ‘तुम्ही चलनं पडताळून पाहिलीत’ यांत हाच फरक आहे. पहिलं वाक्य ऐकून पुढच्या वर्षी काय करायचं, हे कळत नाही. साध्या कामाचं भरभरून कौतुकही बोचतं. 15 वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ‘वेळेवर येता’ ही बलस्थानात नोंद वाचून वाटतं, माझ्याकडून एवढीच अपेक्षा होती का?

ज्यांच्या कामात काही घडतच नाही, त्यांचं मात्र अवघड असतं. पगारपत्रक वर्षभर न चुकता वेळेवर जातं, तिथे सांगण्यासारखा प्रसंग नाही. अशा वेळी आधीच्या वर्षाच्या तक्रारी किंवा उशीर किती, ते समोर ठेवावं आणि त्या माणसालाच विचारावं, हे बिनबोभाट चालावं म्हणून तुम्ही काय करता? उत्तरात त्याने स्वतः बनवलेला एखादा तपासणी तक्ता निघतो, जो वरिष्ठाने पाहिलेलाही नसतो. मग त्याचं नाव फॉर्ममध्ये घालता येतं.

समोरासमोर बोलताना कौतुकाच्या वाक्याला ‘पण’ जोडू नये. सुधारणेचं बोलायचंच असेल तर ते वेगळं, नंतर, तितक्याच ठाम उदाहरणासह. आणि रेटिंग आधी जाहीर सांगून टाकावं. बेल कर्व्हमुळे त्या बाईंना 5 पैकी 3 च मिळणार असतील, तर त्यांनी काय केलं ते सांगण्याआधी, 3 का आहेत ते सांगावं.