मुतखडा : वाट कोठवर पाहावी?

शिवाजी उद्यमनगरातील फौंड्रीत भट्टीजवळ दिवसभर राबणारा एखादा कामगार डोळ्यांसमोर आणावा. घामावाटे पाणी निघून जाते, लघवी थोडी व गडद होते आणि तिच्यातील क्षारांचा खडा बनतो. एका पहाटे कुशीत कळ उठते व जांघेपर्यंत उतरते. ती लाटांसारखी येते. रुग्णास कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही, तो येरझाऱ्या घालतो. खडा मूत्राशयाजवळ आला की वारंवार लघवीची भावना होते.

सोनोग्राफीत खडा ४ मि.मी.चा दिसला, तर वेदनाशामक औषधांवर चार ते सहा आठवडे थांबता येते. असे बहुतेक खडे आपोआप पडतात. १० मि.मी.हून मोठा खडा क्वचितच पडतो. कळ चालू असता तांब्यावर तांब्या पाणी रिचविल्याने खडा ढकलला जात नाही, ही समजूत मात्र घरोघरी आहे! पाण्याचा खरा उपयोग पुढचा खडा टाळण्यात. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यावे; भट्टीजवळच्या माणसास त्यासाठी चार लिटरही लागेल. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे नव्हे. अडलेला खडा गप्प राहूनही मूत्रपिंड निकामी करू शकतो. म्हणून सोनोग्राफी पुन्हा करावी लागते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्यास प्रथम नळी घालून तिला वाट दिली जाते. खडा दुर्बिणीने काढणे नंतर.