लेखांक ३ : पासवर्डच्या आधी रिकव्हरी नंबर

शेंद्र्याच्या बाजूला पहिल्यांदाच वसतिगृहात राहायला आलेल्या मुलांपुढे सुरक्षिततेवर बोलायचे तर सुरुवात हमखास ‘पासवर्ड बदला’ अशी होते. माझ्या मते ती चुकीच्या टोकाने होते. आधी विचारायला हवे ते हे, की पासवर्ड विसरला तर गूगल ओटीपी कुणाच्या मोबाइलवर पाठवेल? सीईटीचा अर्ज गावातल्या नेट कॅफेत भरला जातो, तेव्हा ई-मेल बऱ्याचदा तिथलाच मुलगा उघडून देतो. पासवर्ड नाव आणि जन्मसाल जोडून होतो आणि घाईत नंबर कॅफेचा किंवा वडिलांचा पडतो. अशा खात्याचा पासवर्ड कितीही अवघड केला, तरी तो नंबर ज्याच्या हाती आहे त्याला नवा पासवर्ड लावण्याची वाट मोकळीच राहते.

समजा, अंबडहून आलेल्या मुलीचे खाते असेच आहे. तिने आधी गूगल खात्याच्या ‘Security’ विभागात जाऊन ‘Recovery phone’ आणि ‘Recovery email’ स्वतःचे करावेत. मग पासवर्ड बदलावा आणि ‘Your devices’ उघडून कॅफेचा संगणक अजून आत आहे का ते पाहावे. असल्यास त्याला साइन आउट करावे. त्यानंतर ‘2-Step Verification’ सुरू करून बॅकअप कोड कागदावर उतरवावेत. मोबाइल हरवला तर तेच कामी येतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. हे पहिल्याच आठवड्यात करायचे, कारण रिकव्हरी नंबर बदलल्यावरही गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते.

‘माझ्या मेलमध्ये आहे काय?’ असे कुणी म्हणेल. पण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक याच मेलवर येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वडिलांचा नंबर असला तर बिघडले कुठे? अडचणीत तोच आधार असतो, हे खरे. पण मूल दर वेळी फोन करून ‘बाबा, आलेला ओटीपी सांगा’ म्हणू लागले, की वडिलांना ओटीपी फोनवर वाचून दाखवायची सवय लागते. उद्या ‘वसतिगृहातून बोलतोय’ म्हणणाऱ्या परक्या माणसालाही ते तो सांगतील. शिवाय घरातले जादा सिम रिचार्जविना बंद पडले, तर तो नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणून रोजचे ओटीपी स्वतःच्या नंबरवर यावेत. घरचा नंबर ठेवायचाच तर तो चालू असलेला हवा आणि त्यावर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, हे घरी आधीच ठरलेले हवे.

आठवड्यानंतर एक चाचणी घ्यावी. दुसऱ्या संगणकावर ‘Forgot password’ दाबून पाहावे. कोड पाठवण्यासाठी दाखवलेल्या नंबरचे शेवटचे आकडे ओळखीचे नसतील, तर काम अजून अपुरे आहे.