राखीव अर्धा तास: नंदुरबारच्या मिरची व्यवहारातील एक दौरा-टिपण

एखाद्या कंपनीच्या भेटीला बाहेरगावच्या ग्राहक कंपनीचे पथक येते, तेव्हा त्या दिवसाचा आराखडा वरिष्ठ अधिकाऱ्याचा स्वीय सहायक एका पानावर उतरवतो. हे टिपण वरवर वेळापत्रकासारखे दिसत असले तरी त्यात अनेक माणसांच्या परस्परावलंबी कृतींची आधीच करून ठेवलेली जुळणी असते. महाराष्ट्रात या प्रकारच्या लेखनाचा एक रुळलेला नमुना आहे, तो म्हणजे मंत्री आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचा शासकीय दौरा कार्यक्रम. ‘मोटारीने अमुक ठिकाणाकडे प्रयाण’, ‘शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव’ अशा तुटक ओळींनी बनलेल्या या पत्रकात ‘राखीव’ म्हणजे कोणताही कार्यक्रम न ठेवलेला वेळ, आणि त्या पत्रकातील सर्वांत उपयुक्त नोंद बहुधा तीच असते. खासगी कंपन्यांच्या टिपणांत मात्र हा राखीव वेळ सर्वांत आधी गळतो, कारण रिकामी ओळ वरिष्ठांना सहायकाच्या आळसाची खूण वाटते.

नंदुरबार जिल्ह्यात अशा भेटींचे स्वाभाविक निमित्त म्हणजे लाल मिरची. हंगामात शेतकऱ्यांकडून ओली लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात येते, व्यापारी ती विकत घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर उन्हात पसरून वाळवतात. या मैदानांना स्थानिक व्यवहारात ‘पथारी’ म्हणतात. वाळलेल्या मिरचीची देठे काढणे आणि प्रतवारी करणे ही कामे मजूर, त्यांतही मुख्यतः स्त्रिया, करतात. त्यानंतर माल दळणाऱ्या किंवा निर्यात करणाऱ्या कंपन्यांकडे जातो. या कंपन्यांचे गुणवत्ता पथक खरेदीपूर्वी माल आणि जागा पाहायला येते, त्याच दिवसाचे टिपण येथे उदाहरण म्हणून घेतले आहे. खालील आराखड्यातील यजमान आणि पाहुणे कल्पित आहेत, पण त्यांच्यावर पडणारी बंधने खरी आहेत.

असे धरू की चार जणांचे पथक आदल्या रात्री सुरतेत उतरले आहे आणि जानेवारीतील एका दिवशी मोटारीने येऊन संध्याकाळी परतणार आहे. सुरतेहून नंदुरबारचा रस्ता सुरत–धुळे राष्ट्रीय महामार्गाने नवापूरवरून विसरवाडीपर्यंत येतो आणि तेथून नंदुरबारकडे वळतो. या प्रवासाला थांबा धरून पावणेचार तास लागतील असे मानले, तर सकाळी सहाला निघालेले पथक पावणेदहाला पोहोचते. नवापूरजवळ वीस मिनिटांचा चहाचा थांबा लिहूनच ठेवावा, कारण चालक आणि पाहुणे तो घेणारच असतात आणि न लिहिलेला थांबा यजमानांच्या हिशेबात उशीर म्हणून जमा होतो. मोटार गुजरातची नोंदणी असलेली भाड्याची असेल, तर तिच्याकडे राज्याबाहेर चालण्याचा परवाना आहे का, हे आदल्या दिवशीच विचारावे लागते. रेल्वेचा पर्याय निवडल्यास सुरत–भुसावळ मार्गावरील नंदुरबार स्थानक सोयीचे ठरते. मात्र गाडीची वेळ यजमानाच्या हातात नसते, त्यामुळे दिवसाची दोन्ही टोके बांधली जातात आणि मधल्या वेळेतच सगळी लवचिकता शोधावी लागते.

तारीख ठरवण्याआधी सहायकाने दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली म्हणजे बाजार समितीची सुट्टी. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा अनेक बाजार समित्यांत आहे, म्हणून पथकाला लिलाव पाहायचा असेल तर व्यापाऱ्याला प्रत्यक्ष विचारल्याशिवाय तारीख कळवू नये. दुसरी म्हणजे शहादा तालुक्यातील सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा. घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या यात्रेच्या काळात त्या भागात खोल्या मिळणे आणि रस्ता मोकळा मिळणे या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

दिवसाच्या क्रमाचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. यजमानाला स्वाभाविकपणे वाटते की पाहुण्यांना आधी पथारी दाखवावी, कारण दूरवर पसरलेली लाल मिरची पाहून येणाऱ्यावर छाप पडते, आणि मग मालाच्या प्रवासाच्या क्रमानेच दळण व पॅकिंगच्या दालनात न्यावे. अन्नप्रक्रियेतील तपासणीची रीत नेमकी उलटी आहे. मैदानावरची धूळ, माती आणि बुरशीचे कण कपड्यांवर व पादत्राणांवर बसतात, आणि तसेच कपडे घालून तयार मालाच्या दालनात शिरणारा पाहुणा स्वतःच दूषणाचे कारण ठरतो. म्हणून स्वच्छ जागा आधी आणि मळकी जागा नंतर पाहिली जाते. अनुभवी गुणवत्ता अधिकारी हा क्रम उलटा दिसताच नोंद करतो, म्हणजे टिपणातील एक ओळ यजमानाचे गुण कमी करू शकते. लिलाव सकाळीच असल्यामुळे बाजाराची भेट आधी घ्यावी लागलीच, तर दालनात शिरण्यापूर्वी हात धुणे, वेगळे कोट, टोप्या आणि पायांवरची आवरणे यांसाठी पंधरा मिनिटे स्वतंत्र लिहावी लागतात.

म्हणून उदाहरणातील दिवस असा बसतो. पावणेदहाला आगमन, सव्वादहापर्यंत राखीव, त्यानंतर अकरापर्यंत ओळख व पहिली बैठक, साडेबारापर्यंत दळण व पॅकिंगचे दालन आणि कागदपत्रे, पुढचा अर्धा तास पुन्हा राखीव, एक ते दोन जेवण, सव्वादोन ते साडेतीन पथारी आणि नमुने. जानेवारीत नंदुरबारला सूर्य सहानंतर लवकरच मावळतो, तेव्हा रंगाची तपासणी चारच्या आत उरकली तर उतरत्या उन्हाच्या तांबूस प्रकाशात मिरची आहे त्यापेक्षा लाल दिसण्याचा धोका राहत नाही.

नमुने घेण्याचा वेळ सहायकाला नेहमी कमी वाटतो, कारण ते काम दुरून पाहणाऱ्याला मूठभर मिरची पिशवीत टाकण्याइतकेच दिसते. प्रत्यक्षात एकाच पोत्यातला नमुना निरुपयोगी असतो. अनेक पोत्यांतून, वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतून थोडी थोडी मिरची घेऊन ती एकत्र मिसळावी लागते आणि त्या मिश्रणाचे भाग पाडून पिशव्यांवर मोहोर व सह्या कराव्या लागतात. एक भाग ग्राहकाकडे आणि एक यजमानाकडे जातो, तर तिसरा पुढे वाद झाल्यास उघडण्यासाठी ठेवला जातो. या काळजीचे कारण ओलाव्यात आहे. मिरची नीट वाळली नाही किंवा पथारीवर अवकाळी पाऊस पडला, तर तिच्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष ढिगात सारखे पसरत नाही, ते काही ठिकाणी एकवटते, त्यामुळे घाईने घेतलेला नमुना चांगला ढीग नापास करू शकतो आणि वाईट ढीग पासही करू शकतो. चार ढिगांचे नमुने घ्यायचे असतील तर पाऊण तास हा किमान हिशेब धरावा आणि पथारीच्या भेटीतून तो वेगळा काढून लिहावा.

विश्रांतीच्या वेळांचा विचारही येथे मालाच्या स्वभावावरून करावा लागतो. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मिरची हाताळल्यावर नुसत्या पाण्याने धुतलेला हात डोळ्याला लागला की आग होते. पथकाला आदल्या आठवड्यात पाठवण्याच्या प्रश्नांत दमा कोणाला आहे आणि डोळ्यांत लेन्स कोण वापरतो, हे दोन प्रश्न असायलाच हवेत, कारण उघड्या पथारीवर धूळ आणि ठसका दोन्ही आहेत. पथारीहून परतल्यावरची पंधरा मिनिटे या कारणाने धुण्याची असतात. तेथे साबण, थोडे खाद्यतेल आणि स्वच्छ पंचे ठेवायचे, आणि ठसका लागलेल्यासाठी गार ताक, कारण दुधातील प्रथिने कॅप्सेसिनला बांधतात व पाण्यापेक्षा लवकर आराम देतात. या मोकळ्या वेळेत यजमान व्यवस्थापक चर्चा सुरू करतात, हा नेहमीचा घोटाळा आहे. पाहुणा ओल्या हातांनी भाव ऐकतो आणि नंतर तो भाव कबूल केला होता की नाही, यावर दोन्ही बाजूंची आठवण वेगळी निघते.

जेवणाबद्दल आग्रह टाळावा. हिवाळ्यात खानदेशात वांग्याचे भरीत आणि भाकरी हा मानाचा बेत आहे. पण पथकात जैन आहार घेणारे असतील तर वांगे, कांदा आणि लसूण हे तिन्ही बाद होतात, आणि ही माहिती जेवणाच्या टेबलावर कळणे ही टिपणाची चूक मानली पाहिजे. तिखटाच्या कारखान्यात तिखट जेवणच वाढले पाहिजे, असाही नियम नाही.

शेवटच्या टप्प्यात अनुभवी सहायक एक गोष्ट लिहितो जी यजमानाला खटकते. समारोपाच्या बैठकीपूर्वी पथकाला पाऊण तास एक बंद खोली, चहा आणि वीजजोड देऊन एकटे सोडायचे. तपासणी करणाऱ्यांनी दिवसभर आपापल्या वहीत वेगवेगळ्या नोंदी केलेल्या असतात. त्या जुळवून एकमत केल्याशिवाय समारोपात ते स्पष्ट बोलू शकत नाहीत, आणि मग खरे आक्षेप आठवड्याने पत्रातून येतात. साडेतीन ते पावणेचार धुणे, साडेचारपर्यंत ही खोली, सव्वापाचपर्यंत समारोप आणि साडेपाचला प्रयाण, असा हिशेब बसतो. नऊच्या सुमारास सुरत गाठायची असल्याने हा शेवट पुढे ढकलता येत नाही.

उशीर झालाच तर काय कापायचे, हे टिपणातच लिहून वरिष्ठांची संमती आधी घेतलेली असावी. उदाहरणात पथक चाळीस मिनिटे उशिरा आले, तर आगमनानंतरचा राखीव अर्धा तास खर्ची पडतो आणि उरलेली दहा मिनिटे पहिल्या बैठकीतील यजमानाच्या चित्रफितीतून निघतात, नमुन्यांतून नव्हे. तासाभराचा उशीर असेल, तर पहिली बैठक पंधरा मिनिटांवर आणून दालनाची भेट पूर्ण ठेवतात आणि जेवणाला किमान चाळीस मिनिटे सोडतात. असा निर्णय आधी झालेला नसेल, तर सकाळी प्रत्येक विभागप्रमुख स्वतःचा भाग वाचवतो आणि कापणी दिवसाच्या शेवटाकडे सरकत समारोपावर येऊन पडते. टिपण बिघडत असल्याची खूण साडेबाराच्या आसपास दिसते, जेव्हा स्वयंपाकघरातून पाने किती, असा फोन येतो. त्याचा अर्थ असा की टिपणाची प्रत तिथपर्यंत पोहोचलेली नाही.

म्हणून प्रती दोन काढतात. पाहुण्यांच्या पानावर वेळ, जागा, भेटणाऱ्यांची पदे आणि अडचणीत फिरवायचा एकच क्रमांक असतो. अंतर्गत पानावर कोणी काय उघडायचे, साबण कुठे ठेवायचा, चालकाचे जेवण कोठे आणि पथारीवरच्या मजूर स्त्रियांचे छायाचित्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये अशी सूचना, हे सर्व येते. त्याच पानावर परतीच्या भेटवस्तूंची ओळ असते. गुजरातेत दारूबंदी असल्याने तेथून परतणाऱ्याला बाटली देणे म्हणजे त्याला संकटात टाकणे होय, तर नवापूरची तूरडाळ भौगोलिक मानांकन मिळालेली असून सहज नेता येते. पथक सुरतेहून पुढे विमानाने जाणार असेल, तर मिरची पूड हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, तेव्हा मोहोरबंद नमुन्यांची पेटी कुरिअरने पाठवायची की तळाच्या सामानात द्यायची, हे ठरवून पेटीवर तसे लिहिण्याची जबाबदारीही प्रयाणापूर्वी एका नावासमोर नोंदवलेली असावी.